सतरा-दहा म्हणजे ऑक्टोबर

लिनक्सवर आधारलेल्या उबुंटू या प्रणालीची १७.०४ ही आवृत्ती ज्याच्या संगणकावर होती, त्याने १७.१० घेतली तेव्हा समोरचा पडदाच बदलला. अनेक वर्षांचा ‘युनिटी’ हा चेहरामोहरा गेला आणि त्या जागी ‘नोम’ आला. आकड्यात मात्र टिंबापुढचाच भाग हलला होता. एवढीशी वाढ बघून कुणाला वाटलं असेल, किरकोळ डागडुजी असणार.

चूक आकड्याची नव्हती, वाचण्याची होती. उबुंटूचा आकडा म्हणजे तारीख. १७.१० म्हणजे २०१७ सालचा दहावा महिना. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली पहिली आवृत्ती म्हणूनच ४.१० होती, तिच्याआधी तीन मोठ्या आवृत्त्या होऊन गेल्या होत्या, असं नव्हे. २००६ ची एप्रिलमधली आवृत्ती लांबून जूनमध्ये आली, तेव्हा नावही ६.०४ चं ६.०६ झालं. उशीर नावातच कोरला गेला!

दुसरी पद्धत आशयाची. तिच्यात २.४.१ असे तीन आकडे असतात. शेवटचा वाढला तर फक्त दोष दुरुस्त झाला, मधला वाढला तर नवी सोय आली आणि जुनं सगळं चालू राहिलं. पहिला वाढला की सावध व्हायचं, कारण आधी चालणारं काहीतरी आता मोडू शकतं. एखादी लायब्ररी स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये वापरणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं. अर्थात हे वचन माणसानेच पाळायचं असतं, आणि ‘छोटी दुरुस्ती’ म्हणून दिलेल्या बदलानेही कुणाचं तरी काम अडतं. पहिला आकडा शून्य असेल, तर वचनही नाही.

उबुंटूने ही पद्धत घेतली असती तर? तिच्यात हजारो स्वतंत्र प्रोग्रॅम असतात. त्यांतलं काही ना काही दर सहा महिन्यांनी मोडतंच, म्हणजे पहिला आकडा प्रत्येक वेळी वाढला असता आणि त्याला अर्थच उरला नसता. तारीख निदान वय तरी सांगते. उबुंटूच्या सम वर्षांतल्या एप्रिलच्या आवृत्त्या दीर्घ मुदतीच्या असतात, त्यांना पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. त्यामुळे २४.०४ दिसलं की २०२९ पर्यंत निश्चिंत, हा हिशेब बोटांवर होतो. मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने मिळतात, १७.१० ची मुदत जुलै २०१८ मध्ये संपली.

वर्षाचा आकडा मात्र दरवेळी खरंच वर्ष असतो, असंही नाही. ॲपलने आयफोनची प्रणाली १८ वरून थेट २६ वर नेली, ती २०२५ च्या सप्टेंबरमध्ये. नव्या मोटारींप्रमाणे पुढच्या वर्षाचा आकडा लावला. तेव्हा तो आकडा बघून मधल्या सात आवृत्त्या आपण चुकवल्या, असं समजायचं कारण नाही. काय बदललं, ते आवृत्तीसोबतच्या टिपणातच बघावं लागतं.