धावत्या वर्णनाची मराठी

ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर जेमतेम अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. रेडिओवरच्या श्रोत्याला मैदान दिसत नाही, पण प्रेक्षकांचा गलका ऐकू येतो. गलक्यानंतर शब्द यायला उशीर झाला, तर वर्णनातली जान जाते. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवर क्रिकेटचे मराठी धावते वर्णन रुजवले, तेव्हा इंग्रजी संज्ञांना मराठी शब्द तर हवे होतेच, शिवाय ते तोंडात झटकन बसायलाही हवे होते.

पहिली अडचण वाक्यरचनेची. मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘गोलंदाजाने फलंदाजाला त्रिफळाचीत केले’ या वाक्यात मुख्य बातमी अगदी शेवटी कळते. म्हणून समालोचक वाक्याचे तुकडे पाडतो : ‘चेंडू टप्पा पडून आत आला... बॅट आणि पॅडच्या मधून... त्रिफळा उडाला!’ ‘येतो, टाकतो, मारतो’ अशी वर्तमानकाळी क्रियापदे चेंडूमागे रेंगाळतात. ‘टाकला, टोलवला’ म्हणताच घटना पुरी होते. चेंडू सीमारेषेपलीकडे गेला, की क्रियापदाचीही गरज उरत नाही. ‘चेंडू सीमापार, चौकार!’ एवढे पुरते.

दुसरा प्रश्न शब्दांच्या निवडीचा. ‘एलबीडब्ल्यू’साठी ‘पायचीत’ चपखल बसला, कारण कुस्तीच्या आखाड्यातला ‘चीत’ मराठी कानांना आधीपासून ठाऊक होता आणि शब्द दोन ठोक्यांत संपतो. इंग्रजीत शून्यावर बाद होण्याला ‘डक’ म्हणतात. त्यामागे शून्यासारखे दिसणारे बदकाचे अंडे आहे. मराठीत बदक आणून चालले नसते. इथे शून्याला भोपळा म्हणतातच, त्यामुळे ‘भोपळाही फोडता आला नाही’ हे ऐकताच चित्र उभे राहते. ‘मेडन ओव्हर’मधली कुमारिका सोडून दिली आणि धाव निघाली नाही एवढा अर्थ घेतला, त्यातून ‘निर्धाव षटक’ तयार झाले.

सगळ्याच संज्ञा अशा उतरत नाहीत. ‘लाँग लेग’चा ‘लांब पाय’ केला, तर क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे ते कळणार नाही. म्हणून स्लिप, गली, कव्हर ही जागांची नावे आणि यॉर्कर, गुगली हे चेंडूंचे प्रकार जसेच्या तसे राहिले. ती नावे आखूड आहेत आणि गल्लीत खेळणाऱ्या मुलांच्याही तोंडी आहेत.

काही ठिकाणी एकाच घटनेला दोन शब्द मिळाले. स्टंप उडाल्याच्या क्षणी ‘बोल्ड!’ किंवा ‘दांडी गुल!’ असा एका दमाचा उद्गार निघतो, कारण ‘त्रिफळाचीत’ हा शब्द ओरडायला लांब पडतो. तोच शब्द नंतर, फलंदाज तंबूत परतताना, शांतपणे सांगायला नेमका ठरतो. वर्तमानपत्राच्या धावफलकात तो ‘त्रि.’ एवढाच छापला, तरी वाचकाला पुरतो.