शंकेचा रकाना

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजारापलीकडेही बराच व्यवहार चालतो. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांबरोबर अवजारं, बियाणं, ठिबक, खोगीर असं सगळं विकणारे येतात आणि व्हिजिटिंग कार्डं वाटून जातात. यात्रा संपली की शहादा-नंदुरबारच्या टायपिंग सेंटरवर एखादा व्यापारी मोबाइलमधले फोटो दाखवतो, "भाऊ, एवढी नावं-नंबर एक्सेलमध्ये टाकून द्या." काम सोपं वाटतं. सोपं नसतं, कारण फोन नंबरातला एक अंक चुकला तर तो नंबर भलत्याच माणसाकडे लागतो.

पहिली अडचण फोटोचीच. लॅमिनेशनवर फ्लॅशचा पांढरा डाग पडलेला असतो, सोनेरी फॉइलची अक्षरं निम्मी उडालेली असतात, कोपऱ्यावर अंगठा असतो. त्यात व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो आला की तो दाबून लहान होतो आणि बारीक छपाईतला 3 आणि 8 सारखाच दिसू लागतो. म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' करून मागवावेत, दोन्ही बाजूंचे. मागच्या बाजूला पेनाने लिहिलेला नवा नंबर असतो आणि पुष्कळदा तोच खरा असतो.

यादी सुरू करताना फोन, पिनकोड आणि जीएसटी क्रमांकाचे रकाने आधी 'टेक्स्ट' करायचे. नाहीतर 02565 चं 2565 होतं, आणि 91 लावून लिहिलेला बारा अंकी मोबाइल 9.2E+11 असा काहीतरी दिसतो. पहिल्या रकान्यात फोटोच्या फाइलचं नाव, शेवटच्यात 'शंका'. हे दोन नसतील तर पुढे कुणालाही यादी तपासता येत नाही.

शंका आली की ती कुठल्या मजकुरात आहे ते पाहायचं, कारण काही मजकूर स्वतःच साक्ष देतो. पत्ता शहाद्याचा असेल तर पिनकोड 425409 हवा. फोटोत 426409 दिसत असेल तर पुसटलेला अंक कोणता ते लगेच कळतं. नंदुरबारचा एसटीडी कोड 02564, शहाद्याचा 02565. सुरुवातीचं शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा अंक व्हायला हवेत, म्हणजे कोडनंतर सहाच.

जीएसटी क्रमांक तर सर्वांत बोलका. एका कार्डावर असं वाचता येतं असं समजा (शेवटचं अक्षर मुद्दाम झाकलंय):

```
27A8CPP1O34F1Z■
```

पंधरा जागांपैकी पहिल्या दोन राज्याच्या: महाराष्ट्र 27, गुजरात 24. नवापूरच्या सीमेवर ही खूण फार कामाची. पुढच्या दहा जागा पॅन क्रमांकाच्या: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. त्यामुळे चौथ्या जागेवरचा 8 हा 8 असूच शकत नाही, तो B असणार. नवव्या जागेवरचा O म्हणजे शून्य. सहाव्या जागेवरचा P सांगतो की पॅन एका व्यक्तीचा आहे, आणि सातव्या जागेवर आडनावाचं आद्याक्षर असतं. मालक पाटील असेल तर P जुळला. पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने निघतं, त्यामुळे एक अक्षर जरी चुकलं तरी ते जुळत नाही. तरीही दुरुस्त केलेलं अक्षर शंकेच्या रकान्यात नोंदवायचंच: "चौथं 8 दिसतं, B घेतलं."

मोबाइल नंबराला असली साक्ष नाही. दहा अंक, पहिला 6 ते 9 मधला, बस. आपल्याकडच्या कार्डांवर आणखी एक घोळ असतो, देवनागरी आकड्यांचा. वेलबुट्टीच्या छपाईत १ हुबेहूब इंग्रजी 9 सारखा दिसतो. पहिलाच अंक असेल तर प्रश्न नाही, कारण मोबाइल 1 ने सुरू होत नाही. मधला असेल तर त्याच कार्डावरचा दुसरा ९ शोधून शेजारी ठेवून बघायचा. मिळाला नाही तर अंदाज करू नये. नंबरात त्या जागी ? टाकावं आणि शंकेत लिहावं, "सातवा अंक 1 की 9". मला विचाराल तर असा अर्धवट नंबर चुकीच्या पूर्ण नंबरापेक्षा चांगला. त्यावरून निदान कुणाला फोन तरी जात नाही.

ईमेलमध्ये rn जोडून आले की m दिसतात आणि l, I, 1 एकसारखे. खाली रेघ असेल तर अंडरस्कोर तिच्यात लपतो. दुकानाच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं असलं तरी ईमेलात ते सुधारायचं नाही. पत्ता बहुधा त्याच चुकीसकट उघडलेला असतो.

ताळा करताना दुसऱ्याने वाचून दाखवावं, पण जोडीने नाही, एकेक अंक. आपण 'सत्तावीस' म्हणतो तेव्हा सात आधी कानावर पडतात आणि घाईत हात 72 मारून मोकळा होतो.

यादी देताना शंकेच्या ओळी पिवळ्या करून द्याव्यात आणि मूळ कार्डं जपून ठेवायला सांगावं. कार्डं हाती घेऊन उजेडात तिरकी धरली की त्यातल्या पुष्कळ शंका मालकाच्याच दुकानात मिटतात. उरलेल्यांसाठी त्याच कार्डावरच्या दुसऱ्या नंबरावर फोन करावा.