एकाच कलमाचे चार प्रश्न

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेची तयारी करणारा जवळजवळ प्रत्येकजण मागच्या वर्षांच्या प्रश्नांची वही बाळगतो. बहुतेक वह्यांत प्रश्न प्रकरणवार लावलेले असतात आणि प्रकरणाचे नाव प्रश्नात दिसले की तो त्या रकान्यात जातो. कोणती कल्पना आयोग पुन्हा पुन्हा विचारतो हे शोधायचे असेल, तर ही पद्धत मुळातच चुकते, कारण प्रश्न काढणारा प्रकरणाचे नाव लपवण्यासाठीच शब्द बदलत असतो. राज्यघटनेच्या चौथ्या भागातली, म्हणजे राज्य धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे घेऊन पाहू. 2012 ते 2021 या काळात पूर्वपरीक्षेत या भागावर आधारलेले निदान आठ प्रश्न सहज सापडतात. त्यांपैकी फक्त तिघांच्या मूळ विधानात ‘मार्गदर्शक तत्त्वे’ हे शब्द आहेत: 2012 चा गांधीवादी तत्त्वांविषयीचा, 2015 चा एक आणि 2017 चा. उरलेल्या पाचांत हे नाव फार तर उत्तराच्या पर्यायांत येते. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षिततेचे संवर्धन घटनेत कुठे आहे असे विचारले, 2015 च्याच दुसऱ्या प्रश्नात कल्याणकारी राज्याचा आदर्श कुठे आहे असे विचारले, आणि 2021 मध्ये संपत्तीचे केंद्रीकरण कशाचा भंग करते असे. शेवटचा प्रश्न घाईत वाचणारा तो अर्थशास्त्राच्या रकान्यात टाकून मोकळा होईल.

म्हणून प्रश्न त्याच्या शब्दांवरून ओळखू नये. तो सोडवायला जे एक वाक्य माहीत असावेच लागते, त्यावरून ओळखावा. प्रत्येक प्रश्नापुढे ते वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहायचे आणि त्यासमोर कलमाचा क्रमांक टाकायचा. असे केले की आठ प्रश्नांचा तो ढीग आपोआप दोन भागांत वेगळा होतो. एका भागात विखुरलेली कलमे दिसतात: शांततेसाठी 51, कल्याणकारी राज्यासाठी 38, संपत्तीच्या केंद्रीकरणासाठी 39, गांधीवादी तत्त्वांसाठी ग्रामपंचायतींचे 40 आणि कुटीरोद्योगांचे 43. ही कलमे एकेकदा येऊन जातात. दुसऱ्या भागात मात्र चार प्रश्न एकाच कलमावर येऊन थांबतात, आणि ते कलम आहे 37. ते लहानसेच आहे. त्याचा आशय तीन तुकड्यांचा: या भागातल्या तरतुदी कोणत्याही न्यायालयाकरवी अंमलात आणता येणार नाहीत, तरीही देशाच्या राज्यकारभारासाठी त्या मूलभूत आहेत, आणि कायदे करताना ही तत्त्वे लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे.

आता ते चार प्रश्न जवळून पाहू. 2013 मध्ये विचारले गेले की घटनेनुसार राज्यकारभारासाठी मूलभूत काय आहे. पर्यायांत मूलभूत हक्क, मूलभूत कर्तव्ये आणि मार्गदर्शक तत्त्वे ही तिन्ही होती. इथे दुसरा तुकडा जसाच्या तसा उचलला आहे आणि सापळाही त्याच शब्दात आहे, कारण ‘मूलभूत’ दिसताच हात हक्कांकडे जातो. 2015 मध्ये पहिला तुकडा आला: ही तत्त्वे न्यायालयाकरवी अंमलात आणता येत नाहीत हे विधान बरोबर की चूक? चौघांत हा सर्वांत सरळ. 2017 मध्ये शब्द पूर्ण पालटले. मार्गदर्शक तत्त्वे ही कायदेमंडळाच्या कार्यावरची मर्यादा आहेत का आणि कार्यकारी मंडळाच्या कार्यावरची आहेत का, असा प्रश्न होता, आणि आयोगाचे उत्तर होते: दोन्हींवरची नाहीत. 37 पाठ असूनही इथे अडखळायला होते, कारण नुसते कलम आठवून भागत नाही, त्याचा परिणाम काढावा लागतो. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा कलम 13 मुळे त्या विसंगतीपुरता शून्यवत ठरतो, म्हणून हक्क ही मर्यादा. मार्गदर्शक तत्त्व डावलले म्हणून मात्र न्यायालय कायदा रद्द करत नाही. राज्यावर कर्तव्य आहे, पण ते मोडले तर दाद मागायला दार नाही. ‘कर्तव्य ही नैतिक मर्यादाच नव्हे का’ असा वाद इथे घालता येतो, आणि अभ्यासिकांत तो घातलाही जातो. प्रश्न मात्र कायदेशीर बंधनाचा होता. 2020 मध्ये ‘घटनेचा भाग चार’ एवढाच उल्लेख करून पहिला आणि तिसरा तुकडा एकत्र विचारला: न्यायालय अंमल करील का, करणार नाही का, आणि कायदे करताना या तत्त्वांचा प्रभाव पडावा का. तीन तुकड्यांचे एक कलम आठ वर्षांत असे पुरते वापरून झाले.

यावर पहिला आक्षेप असा की हा योगायोग आहे. भाग चार लहान आणि प्रसिद्ध आहे, प्रश्न कुठेतरी पडणारच. आक्षेप रास्त आहे आणि त्याची परीक्षाही घेता येते. फक्त 2015 पर्यंतचे प्रश्न समोर ठेवून अंदाज बांधायचा आणि पुढच्या वर्षांवर तो ताडून पाहायचा. 2015 पर्यंत 37 दोनदा आले होते, इतर कलमे एकेकदा. ‘37 परत येईल’ हा अंदाज 2017 आणि 2020 मध्ये खरा ठरला. ‘अंमलबजावणीचा प्रश्न त्याच शब्दांत परत येईल’ हा अंदाज 2017 मध्ये साफ पडला. म्हणजे परत येते ती कल्पना, तिचा पोशाख नव्हे. चार प्रश्नांवरून संख्याशास्त्रीय खात्री होत नाही हे मान्यच. पण इथे संख्येला कारणाचीही जोड आहे. न्यायालय, कायदेमंडळ आणि नागरिकाचे हक्क यांचा परस्परसंबंध 37 मध्ये एकवटतो. 1951 च्या चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हक्कांना मार्गदर्शक तत्त्वांच्या वर ठेवले. 42 व्या घटनादुरुस्तीने तत्त्वांचे पारडे जड केले. 1980 च्या मिनर्वा मिल्स निकालाने ते पुन्हा समतोलात आणले. ज्या वाक्यावर तीस वर्षे वाद झाला, त्यातून सोप्यापासून अवघडापर्यंत हवा तसा प्रश्न काढता येतो. तशी सोय कलम 51 मध्ये फारशी नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ‘सोडवायला लागणारे वाक्य’ ठरवणारे आपणच, मग हवे ते कलम प्रत्येक प्रश्नात दिसणारच. यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: दोघांनी एकमेकांना न दाखवता क्रमांक टाकायचे आणि जिथे जुळत नाहीत ते प्रश्न मोजणीतून बाजूला काढायचे. 2015 चाच प्रश्न घ्या. त्यातले दुसरे विधान होते की ही तत्त्वे सामाजिक-आर्थिक लोकशाही मांडतात. ते विधान 37 चे नव्हे, 38 च्या जवळचे आहे. म्हणजे या प्रश्नाला दोन क्रमांक पडतात, आणि 37 ची मोजणी साडेतीन म्हणावी असा हट्ट कुणी धरला तर तो चुकीचा नाही. 2020 मध्येच आणखी एक प्रश्न होता: मानवी हक्कांच्या 1948 च्या जागतिक जाहीरनाम्यातली तत्त्वे, मूलभूत हक्कांखेरीज, घटनेच्या कोणत्या भागांत उमटली आहेत? पर्यायांत उद्देशिका, मार्गदर्शक तत्त्वे आणि मूलभूत कर्तव्ये होती. तो वरच्या आठांत धरलेला नाही, कारण त्याला एकच असे वाक्य सापडत नाही. उद्देशिका आणि कर्तव्येही तितकीच माहीत असावी लागतात. अशा प्रश्नांसाठी वहीत वेगळा रकाना ठेवावा आणि त्यांना कोणत्याही कलमाच्या खात्यावर लिहू नये, नाहीतर आवडत्या कलमाची संख्या फुगत जाते आणि ते लक्षातही येत नाही.