घरची माळ आणि अर्जातलं वाक्य

परदेशात धर्म-अभ्यासाच्या एम.ए.साठी अर्ज करणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्याच्या एसओपीचा मसुदा मला वाचायला दिला होता. मुलगा सातारा जिल्ह्यातला. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी आषाढीची पायी वारी, घरात रोज हरिपाठ. मसुद्याचं पहिलंच वाक्य होतं, ‘वारकरी संप्रदायात जातिभेद नाही.’

श्रद्धा म्हणून हे वाक्य समजण्यासारखं आहे, पण अभ्यासक त्यावर अडतो. कारण ‘नाही’ हे कोण म्हणतंय, हेच त्यातून कळत नाही. धर्म-अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे. अमुक श्रद्धा खरी की खोटी, याचा निवाडा तिथे करायचा नसतो; माणसं ती कशी जगतात, हे पाहायचं असतं.

टीका झाल्यावर मुलगा दुसऱ्या टोकाला गेला. नव्या मसुद्यात आजोबा ‘परंपरेच्या पगड्याखालचे’ झाले. मला हे जास्त खटकलं. परीक्षकाला आवडावं म्हणून घरच्या माणसांना कमी लेखणं हाही पूर्वग्रहच.

मग मी त्याला विचारलं, दिंडीत तू डोळ्यांनी काय पाहिलंस? तो म्हणाला, वाटेत सगळे एकमेकांच्या पाया पडतात. आणि जेवायला? तो थांबला. त्यांच्या दिंडीत स्वयंपाक कोण करतं, पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, हे त्याने कधी न्याहाळलंच नव्हतं. इरावती कर्वे यांनी ते न्याहाळलं होतं. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवत, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं. १९६२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वारीवरच्या लेखात हे आलं आहे. जॉन क्यून यांचं भक्ती, जात आणि सहभोजन यांवरचं पुस्तक २०२१चं. मुलाने दोन्ही वाचली.

तिसऱ्या मसुद्याची सुरुवात अशी झाली: ‘वारीत जात विरते, असं माझे आजोबा मानतात. मी त्यांच्यासोबत चार वेळा चाललो. पाया पडताना मला ते खरं वाटलं. पंगतीकडे मात्र मी कधी लक्ष दिलं नाही.’ पुढे त्याचा प्रश्न आला: आजच्या दिंड्यांमध्ये जेवणाची व्यवस्था कशी ठरते, आणि वारकरी तिचा अर्थ कसा लावतात? शेवटी त्याने स्वतःची मर्यादाही लिहिली. माळकऱ्याचा नातू म्हणून त्याला दिंडीत सहज प्रवेश मिळतो, पण त्याच नात्यामुळे काही जण त्याच्याशी मोकळं बोलणार नाहीत.

‘मानतात’, ‘पाहिलं’ आणि ‘वाटलं’ ही तीन क्रियापदं वेगळी ठेवली की निम्मं काम होतं. आजोबांची श्रद्धा आजोबांच्या नावावर राहते, आणि स्वतःची भक्ती लपवावी लागत नाही.

अर्ज पाठवण्याआधी मसुदा घरातल्या माळकऱ्याला आणि देव न मानणाऱ्या एखाद्या मित्राला वाचून दाखवा. पहिल्याला जिथे अपमान वाटेल आणि दुसऱ्याला जिथे प्रवचन वाटेल, ती वाक्यं पुन्हा लिहा.