पाण्याची पाळी आणि शेजारचे खाते

गव्हाला पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. याच वेळी पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ते नुकसान भरून निघत नाही. हे कृषी कार्यकर्त्यास ठाऊक असते. परंतु कालव्याचे दार जलसंपदा विभागाच्या हाती असते, आणि तेथील शाखा अभियंत्यास आज्ञा करण्याचा अधिकार त्यास नसतो. अशा वेळी मागणी कशी करावी, हे एका उदाहरणावरून पाहू.

एका वितरिकेवर वरची व शेपटाकडची अशा दोन चाऱ्या आहेत, असे समजा. आवर्तन 1 डिसेंबरला सुटणार असून प्रत्येक चारीस सात दिवस पाणी मिळावयाचे आहे. शेपटाकडून भिजवीत येण्याच्या प्रथेप्रमाणे वरच्या चारीची पाळी 8 तारखेस येते. तेथील गहू मात्र 10 ते 16 नोव्हेंबरच्या दरम्यान पेरलेला असल्याने त्यास 1 ते 7 डिसेंबर या काळातच पाणी हवे.

“पाणी लवकर सोडा” असा अर्ज येथे निरुपयोगी आहे. आवर्तनाची तारीख शाखा अभियंता एकटा बदलू शकत नाही. चाऱ्यांचा क्रम बदलणे त्याच्या कामाच्या जवळचे आहे. म्हणून तेवढेच मागावे. त्यातही त्याची अडचण उघड आहे. वरच्यांना आधी पाणी दिले, तर शेपटापर्यंत ते पोहोचणार नाही आणि तक्रार त्याच्यावरच येईल.

म्हणून कार्यकर्त्याने आधी शेपटाकडच्या शेतकऱ्यांकडे जावे. त्यांचा हरभरा 8 नोव्हेंबरच्या सुमारास पेरलेला असेल, तर त्यास पहिले पाणी 30 ते 35 दिवसांनी, म्हणजे 8 डिसेंबरनंतरच लागते. पाळी मागे गेल्याने त्यांचे नुकसान नाही. त्यांची लेखी संमती घ्यावी. मात्र हरभरा लवकर पेरलेला असेल, तर ही मागणी सोडून द्यावी व विहिरीच्या पाण्याची सोय पाहावी.

आवर्तनापूर्वी दोन आठवडे शाखा कार्यालयात जाताना गटवार क्षेत्र व पेरणीच्या तारखांची यादी, भरलेले नमुना 7 चे पाणी अर्ज आणि ही संमती सोबत असावी. वरच्या शेतकऱ्यांनी चारी साफ करून रात्रीही भिजवण्याचे आणि 7 तारखेच्या सायंकाळी दार बंद करण्याचे लिहून द्यावे. अर्ज शेतकऱ्यांच्या किंवा त्यांच्या पाणीवापर संस्थेच्या नावाने करावा. पहिल्याच अर्जाची प्रत वरिष्ठांकडे धाडू नये. ती तक्रार समजली जाते आणि निर्णय वरच्या टेबलावर अडकतो.

7 तारखेस दार खरोखर बंद झाले की नाही, हे कार्यकर्त्याने स्वतः जाऊन पाहावे. ते उघडे राहिले, तर पुढच्या हंगामात त्याची यादी कोणी वाचणार नाही.