पान उलटण्याआधीचं क्रियापद
चित्रपुस्तकांची भाषा : भाग ६

चित्रपुस्तकाचा अनुवाद करताना मराठीपुढची खरी अडचण शब्दांची नसते, वाक्याच्या शेवटाची असते. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ते आलं की वाचणाऱ्याचा आवाज खाली उतरतो. चित्रपुस्तकात मात्र उजव्या पानाच्या तळाशी आवाज वरच राहायला हवा असतो, कारण पुढचं पान उलटण्याची ओढ त्यातूनच निर्माण होते. मॉरिस सेंडॅक यांच्या १९६३ सालच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ची सुरुवात या दृष्टीनं पाहण्यासारखी आहे. पहिलंच वाक्य दोनदा पान उलटून पुढे जातं. मॅक्सची एक खोडी एका पानावर, दुसरी त्याच्या पुढच्यावर आणि आईचं रागावणं तिसऱ्यावर. तोवर वाक्य पुरं होत नाही आणि ऐकणाऱ्या मुलाला थांबायला जागा मिळत नाही. अनुवादकानं प्रत्येक पानाला स्वतंत्र पूर्ण वाक्य दिलं, तर अर्थ शाबूत राहील, पण एका दमात घडणाऱ्या खोड्यांची यादी होऊन बसेल.

यावरचा उपाय मराठीच्या स्वतःच्या घडणीत आहे. समजा, एक बकरी पळून चालली आहे. ‘बकरीनं दावं तोडलं. तिनं कुंपण ओलांडलं.’ असं लिहिलं की दर पानाला पूर्णविराम ऐकू येतो. त्याऐवजी ‘बकरी दावं तोडून, कुंपण ओलांडून’ एवढंच एका पानावर ठेवावं, ‘शेजारच्या मळ्यात शिरून’ हे पुढच्या पानावर आणि ‘कोबीचा गड्डा फस्त करते’ हे त्याच्या पुढच्या. ‘ऊन’ लागलेल्या रूपावर आवाज खाली येत नाही, तो अधांतरी राहतो. अशी रूपं ओळीनं वापरली की भाषा निबंधासारखी रटाळ होते, हा आक्षेप रास्त आहे. तीन-चारांनंतर वाचणाऱ्याचा दमही संपतो. म्हणून मध्येच ‘शिरते न शिरते तोच’ अशी मोड द्यावी. तीही वाक्य उघडंच ठेवते आणि शिवाय वेग वाढवते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. पुढच्या पानावर काय आहे हे गुपित असतं, पण मराठी क्रियापद ते अर्धं फोडून टाकतं. ‘कावेरीनं टोपलीत हात घातला आणि बाहेर काढला...’ इथे पान संपलं, तर खार, मांजर, पिल्लू या सगळ्या शक्यता मुलाच्या कानाआड होतात. ‘काढला’ म्हटल्यावर ससा किंवा बेडूकच येणार. भूतकाळात क्रियापद कर्माचं लिंग घेतं, त्याचा हा परिणाम. इंग्रजी लेखकाला ही चिंता नव्हती, त्यामुळे मूळ पुस्तकात याचा इशाराही सापडत नाही. लहान मूल लिंगाचा विचार कुठे करतं, असं कुणी म्हणेल. नियम म्हणून ते करत नसेलही, पण ‘काढला’नंतर ‘खार’ ऐकू आलं की त्याला खटकतं, म्हणजे कान हे काम करतच असतो. वर्तमानकाळ घेतला की ही गळती थांबते, कारण ‘कावेरी बाहेर काढते’ मध्ये क्रियापद कावेरीप्रमाणे चालतं, टोपलीतल्या प्राण्याप्रमाणे नाही. आणि गोष्ट सांगणाऱ्यांनी फार पूर्वीपासून वापरलेला ‘पाहते तर काय’ हा प्रयोग तर पान उलटण्यासाठीच घडवल्यासारखा आहे. अर्थात पुस्तकात एकदाच, सर्वांत मोठ्या गुपितापाशी. दर पानावर आला तर त्याची धार जाते.

यात वाक्यरचना उलटीपालटी होते, मुलांवर चुकीचे संस्कार होतात, अशीही तक्रार होते. पण ‘आला बघ तुझा बाबा’ असं आपण दिवसभर बोलतो. कर्ता क्रियापदानंतर येणं ही बोलीतली रीत आहे, चूक नाही, आणि चित्रपुस्तक हे मोठ्यानं वाचण्यासाठीच असतं. तोच न्याय ध्रुपदालाही लागू होतो. मुळात एखादं वाक्य पाच पानांवर जसंच्या तसं येत असेल, तर मराठीतही ते अक्षरशः तेच हवं. पुनरुक्ती टाळण्याची शालेय सवय इथे घातक ठरते, कारण तिसऱ्या पानापासून ते वाक्य मूल स्वतः म्हणणार असतं. एक शब्द बदलला की त्याचा सूर तुटतो.

हे सगळं संगणकावरच्या सलग मजकुरात दिसत नाही, आणि अनेकदा अनुवादकाच्या हाती येतो तो तेवढाच. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात. आठ कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडले की तेवढ्या पानांची वही तयार होते. तीत मजकूर पानागणिक उतरवून एका बैठकीत मोठ्यानं वाचला, तर जिथे पान उलटण्याआधीच आवाज खाली येतो ती जागा लगेच कळते. प्रकाशकांना विनंती एवढीच, की अनुवादकाला मजकुराची फाइल देऊ नका, चित्रांसह पानं लावलेलं पुस्तक द्या.