पट्टी, हातोडी आणि आठ मिलिमीटर

आमच्या घरातली लिफ्टला लागून असलेली भिंत काँक्रीटची आहे. बाकीच्या भिंती विटांच्या. त्यामुळे पुस्तकांची फळी लावायची ठरली तेव्हा मी मुद्दाम हीच भिंत निवडली. सगळ्यात मजबूत भिंत, मग काळजी कसली? 90 सेंटिमीटर लांबीची आणि 20 सेंटिमीटर रुंदीची प्लायची फळी, तिच्याखाली भिंतीला ठोकलेली 20 मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी, आणि पट्टी धरायला हातोडीने ठोकायचे चार नायलॉन प्लग. तासाभरात काम झालं. दीड महिन्याने पुस्तकांवर पांढुरकी भुकटी दिसायला लागली, आणि फळी पुढे झुकली. पट्टीच्या वरच्या कडेला भिंतीपासून इतकी फट पडली होती की त्यात पोस्टकार्ड सहज जावं.

ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी पट्टी धरून हलवली, एक प्लग चिमटीने उपसून काढला आणि बोटाने मोजून दाखवला. "ताई, हे प्लग काँक्रीटमध्ये नाहीतच. गिलाव्यात टांगलेत."

हिशेब साधा होता, मी तो केला नव्हता एवढंच. दुकानातून आणलेल्या पाकिटावर '6 × 40' असं छापलेलं होतं. म्हणजे प्लगची जाडी 6 मिलिमीटर आणि लांबी 40. त्यातले 20 मिलिमीटर पट्टीतच गेले. भिंतीवरचा गिलावा निघाला 12 मिलिमीटरचा. उरले किती? आठ. पुस्तकांचा सगळा भार या आठ मिलिमीटरवर होता.

हा प्लग काम कसा करतो ते कळलं की या आकड्याचं महत्त्व कळतं. नेहमीची गिट्टी आपण आधी भिंतीत बसवतो आणि मग स्क्रू पिळतो. हातोडीच्या प्लगमध्ये नायलॉनची नळी आणि तिच्यात अर्धवट घातलेला खिळा असे दोन्ही एकत्र येतात. खिळ्याला आडव्या खाचा असतात आणि डोक्यावर स्क्रूसारखी फुलीही असते. नळीचं तोंड कॉलरसारखं रुंद असतं, ते लाकडावर अडकतं. खिळा ठोकला की तो नळीच्या टोकाला शिरतो, तिथली फटीची नळी फाकते आणि भोकाच्या भिंतींवर दाबली जाते. पकड या टोकाच्या भागात असते, कॉलरजवळ नसते. टोक काँक्रीटमध्ये फाकलं तर ते घट्ट राहतं. ते गिलाव्यात फाकलं तर गिलावा आतून भुगा होतो. माझ्या पुस्तकांवर पडलेली भुकटी तीच होती.

म्हणून प्लग निवडताना लांबी उलट्या बाजूने मोजावी. आधी काँक्रीटमध्ये किती हवं ते ठरवायचं. 6 मिलिमीटरच्या प्लगला साधारण 30 आणि 8 मिलिमीटरच्या प्लगला साधारण 40 मिलिमीटर. नेमका आकडा पाकिटावर किंवा कंपनीच्या तक्त्यात असतो. त्यात गिलावा मिळवायचा, मग पट्टीची जाडी. आमच्या भिंतीवर 8 चा प्लग लावायचा तर 40 अधिक 12 अधिक 20, म्हणजे 72. बाजारात त्याच्या वरचं माप 8 × 80 मिळतं. तेच आणलं. 80 मधून 32 वजा केले तरी काँक्रीटमध्ये 48 मिलिमीटर राहतात.

गिलावा किती जाड आहे हे बाहेरून दिसत नाही, पण ड्रिलच्या पहिल्या भोकात कळतं. सुरुवातीला बिट सहज जातं आणि भुकटी मऊ पडते. काँक्रीट लागलं की आवाज बदलतो, वेग मंदावतो आणि राखाडी, खरखरीत भुकटी येते. लाल भुकटी आली तर ती वीट. पांढरी भुकटी आली आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं गेलं तर तो एएसी ब्लॉक, म्हणजे हलकी सच्छिद्र वीट. तिथे हा प्लग वापरू नये, त्या विटेसाठी वेगळे प्लग येतात. काही नव्या इमारतींत सगळ्या भिंती काँक्रीटच्या, साच्यात ओतलेल्या असतात. तिथे गिलावा नसून फक्त पुट्टीचा थर असतो, तेव्हा वजाबाकीतला मधला आकडा जवळजवळ शून्यावर येतो. मात्र अशा भिंतींत विजेचे पाइपही आत ओतलेले असतात. म्हणून स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही.

लांबीचा घोळ सुटला, तरी काका थांबले नाहीत. फळी पुढे का झुकली याचं दुसरं कारण त्यांनी वहीच्या कागदावर काढून दाखवलं. फळी आणि पुस्तकं मिळून 24 किलो धरू. चार प्लगांत वाटलं तर खाली ओढणारा भार प्रत्येकी 6 किलो. हा भार प्लगला आडवा कापू पाहतो आणि काँक्रीटमधला प्लग तो आरामात पेलतो. पण पुस्तकांचं वजन भिंतीला चिकटून नसतं. ते भिंतीपासून सरासरी 10 सेंटिमीटर पुढे असतं. त्यामुळे पट्टी तिच्या खालच्या कडेवर टेकून वरून उलटायला बघते, आणि हे उलटणं प्लगला भिंतीतून सरळ बाहेर ओढतं. माझी पट्टी 5 सेंटिमीटर उंच होती आणि प्लग खालच्या कडेपासून 3 सेंटिमीटरवर होते. 24 गुणिले 10 भागिले 3, म्हणजे 80 किलो. प्रत्येक प्लगवर 20 किलोची बाहेरची ओढ. खाली ओढणाऱ्या भाराच्या तिपटीहून जास्त.

उपाय अधिक प्लग ठोकण्याचा नव्हता. काकांनी फळीखाली 18 सेंटिमीटर उंचीचे दोन त्रिकोणी टेकू बसवले. त्यांना मागून पट्टीच्या मापाची खाच पाडली, त्यामुळे त्यांची खालची टोकं थेट भिंतीला टेकली. आता उलटण्याचा टेका पट्टीच्या कडेवरून टेकूच्या पायथ्याशी गेला, प्लगपासून 15 सेंटिमीटर खाली. 24 गुणिले 10 भागिले 15, म्हणजे 16 किलो. प्रत्येक प्लगवर 4. वजन तेच, भिंत तीच, पण ओढ पाचपटीने कमी झाली. नायलॉनच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचं आहे, कारण सततच्या ताणाखाली ते हळूहळू सैल पडत जातं. पहिल्या दिवशी घट्ट वाटणारी फळी दीड महिन्याने झुकते ती अशी.

मग बसवण्याचं काम सुरू झालं. पट्टीत भोकं आधी पाडून घेतली, लाकडाच्या 8 मिलिमीटर बिटने, टोकांपासून 6 सेंटिमीटर आत आणि मधे 26-26 सेंटिमीटर अंतराने. टोकाला फार जवळ गेलं तर लाकूड चिरतं. पट्टी भिंतीला लावून एका टोकाच्या भोकातून काँक्रीटमध्ये ड्रिल केलं. काँक्रीटला हॅमरचा ठोका देणारं मशीन लागतं, साध्या ड्रिलने बिट तापून बोथट होतं. बिटवर 90 मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळली होती, म्हणजे प्लगच्या लांबीपेक्षा 10 जास्त. ही जास्तीची जागा भुकटी आणि खिळ्याच्या टोकासाठी असते. प्लग हलक्या ठोक्यांनी कॉलर लाकडाला टेकेपर्यंत घातला, पण खिळा ठोकला नाही. पाणसळ ठेवून पट्टी सरळ केली, दुसऱ्या टोकाचं भोक पाडलं, तिथेही प्लग घातला. मग पुन्हा पाणसळ पाहिली आणि नंतरच खिळे आत ठोकले. खिळा गेला की सुधारणा अवघड असते.

प्रत्येक भोक फुंकर मारायच्या पंपाने दोनदा साफ केलं. तोंडाने फुंकलं तर भुकटी डोळ्यात जाते, आणि काँक्रीटची धूळ छातीलाही चांगली नाही. चष्मा आणि मास्क लावावा. भुकटी आत राहिली तर खिळा अर्ध्यात अडतो, डोकं वर राहतं आणि हातोडी उडते. अशा वेळी जोर लावून ठोकत बसू नये. खिळा स्क्रूड्रायव्हरने उलटा पिळून काढावा, भोक साफ करावं आणि नवा प्लग घालावा. फाकलेला प्लग पुन्हा वापरायचा नाही. उलट दोन ठोक्यांत खिळा सुळकन आत गेला, काहीच अडलं नाही, तर भोक मोठं झालंय असं समजावं. अशा प्लगची कॉलर बोटाने फिरवली तरी फिरते.

तिसऱ्या भोकात बिट अचानक थांबलं. ठणठण आवाज आला आणि भुकटीत चमकदार कीस दिसला. आत सळई होती. काकांनी दाबलं नाही, मशीन मागे घेतलं. सळई कापली तर भिंतीचा आधारच दुबळा होतो. पट्टीत 3 सेंटिमीटर बाजूला नवं भोक पाडलं, जुनं सिमेंटने बुजवलं. एका जागी भिंत थोडी खोलगट होती, तिथे प्लगच्या मागे प्लायची पातळ पाचर सरकवली. नाहीतर खिळा ठोकताच पट्टी वाकली असती आणि फळी लाटेसारखी झाली असती.

काम संपल्यावर काकांनी पट्टीची वरची कड दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढली. फट उघडली नाही, खरखर आवाज आला नाही. मग फळी ठेवली, पुस्तकं लावली.

या प्लगच्या मर्यादाही त्यांनी सांगितल्या. छताला काही टांगायचं असेल, गीझर असेल किंवा पुढे ओढता येणारा टीव्हीचा हात असेल, तर हा प्लग नको. तिथे धातूचा अँकर बोल्ट किंवा रासायनिक अँकर लागतो. हातोडीचा प्लग पट्टी, पॅनेल, चौकट आणि हलक्या फळ्यांसाठी आहे.

तुम्ही प्लग घ्यायला दुकानात जाल तेव्हा पट्टीची जाडी आणि गिलाव्याची जाडी कागदावर लिहून न्या. पाकिटावरच्या दुसऱ्या आकड्यातून या दोन्ही वजा करा. 6 च्या प्लगसाठी 30 पेक्षा कमी उरत असतील किंवा 8 च्या प्लगसाठी 40 पेक्षा कमी, तर ते पाकीट परत ठेवा.